विश्लेषण : पाच एकर, अर्धी विहीर आणि तीन माणसे, पीकनियोजनाचा हिशेब कोठे चुकतो?

लातूर : देशातील शेतजमिनीचे सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आत आहे. शंभरपैकी सुमारे ८६ खातेदार अल्पभूधारक किंवा अत्यल्पभूधारक आहेत. हमीभाव, कर्जमाफी आणि पीकविमा यांवर दरवर्षी चर्चा होते. परंतु या शेतकऱ्यापुढील पहिला निर्णय त्याआधीचा असतो. जूनमध्ये कोणत्या तुकड्यात काय पेरायचे, ऑक्टोबरमध्ये त्याच तुकड्यात काय घ्यायचे आणि फेब्रुवारीत विहिरीत जे पाणी उरेल ते कोणाला द्यायचे, हे त्याला एकाच वेळी ठरवावे लागते. हा निर्णय बहुधा मागील वर्षीचा बाजारभाव पाहून घेतला जातो आणि तेथेच तो फसतो.

हा हिशेब मराठवाड्यातील एका प्रातिनिधिक उदाहरणाने स्पष्ट होतो. खातेदाराची जमीन पाच एकर असून त्यापैकी चार एकर मध्यम ते भारी काळी आणि एक एकर हलकी मुरमाड आहे. विहीर भावकीत सामाईक असल्याने पंप एक दिवसाआड त्याच्या वाट्याला येतो. घरातील तीन प्रौढ माणसे शेतात काम करतात. उन्हाळी पीक घेण्याचा प्रश्नच नाही. खरीप आणि रब्बी या दोन हंगामांतच वर्षाची मिळकत बसवायची आहे.

पहिली अडचण पाण्याच्या मोजमापाची आहे. विहिरीला पाणी किती, असे विचारल्यास उत्तर परसांत किंवा फुटांत मिळते. नियोजनाला मात्र पंपाचे तास आणि दर तासाचे पाणी लागते. त्यासाठी २०० लिटरचा पिंप पुरेसा आहे. तो पाइपाखाली ४० सेकंदांत भरत असेल, तर पंप सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८ घनमीटर पाणी देतो. त्यानंतर पंप हवा ओढू लागेपर्यंत किती तास चालतो आणि पुढील पाळीपर्यंत विहीर पुन्हा किती भरते, याची नोंद ठेवावी लागते. या उदाहरणात नोव्हेंबरमध्ये पंप एका दिवशी ४ तास, डिसेंबरमध्ये ३, जानेवारीत २ आणि फेब्रुवारीत जेमतेम १ तास चालतो, असे धरू. पंपाचे दिवस महिन्याला १५ आणि फेब्रुवारीत १४ धरल्यास नोव्हेंबरमध्ये १०८०, डिसेंबरमध्ये ८१०, जानेवारीत ५४० आणि फेब्रुवारीत २५२ घनमीटर पाणी मिळते. एकूण सुमारे २६८० घनमीटर होते.

हा एकूण आकडा दिलासा देणारा असला तरी दिशाभूल करणारा आहे. गव्हाच्या एका एकराला सारे पद्धतीने सुमारे ६ सेंटिमीटर खोलीचे एक पाणी द्यायचे, तर २४० घनमीटर लागतात. पाच पाळ्यांना १२०० घनमीटर पुरे. मग २६८० घनमीटरमध्ये दोन एकर गहू आरामात निघतो, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तारखा मांडल्या की चित्र पालटते. नोव्हेंबरच्या मध्यास पेरलेल्या गव्हाला पेरणीच्या पाण्यानंतर मुकुटमुळे फुटताना म्हणजे २१ व्या दिवशी, पुढे ४२ व्या, ६५ व्या आणि ८५ व्या दिवसाच्या आसपास पाणी लागते. डिसेंबरमध्ये दोन पाळ्या येतात. दोन एकरांसाठी त्यांना ९६० घनमीटर हवेत आणि विहीर देते ८१०. ती ओढाताण कदाचित निभावेल. मात्र फेब्रुवारीत दाणा भरताना ४८० घनमीटर हवे असताना २५२ च मिळतात. तोपर्यंत बियाणे, खत आणि चार पाळ्यांचे पाणी खर्ची पडलेले असते आणि हाती चिमलेला दाणा येतो. वर्षभराची बेरीज बरोबर असूनही पीक एका महिन्यात जाते. नोव्हेंबरचे न वापरलेले पाणी फेब्रुवारीसाठी राखून ठेवता येत नाही, कारण विहीर ही टाकी नव्हे. आपण न उपसलेले पाणी शेजारची विहीर उपसते.

हरभऱ्याचा हिशेब याच्या उलट आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ओलीवर पेरलेल्या हरभऱ्याला फांद्या फुटताना व फुलोऱ्याच्या सुमारास एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन पाणी पुरतात. तुषार सिंचनाने ४ सेंटिमीटर दिल्यास एकरी एका पाळीला १६० आणि दोन्हींना मिळून ३२० घनमीटर होतात. २०२६-२७ च्या रब्बी विपणन हंगामासाठी हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला ५८७५ रुपये आणि गव्हाचा २५८५ रुपये आहे. एकरी ८ क्विंटल हरभरा आणि १५ क्विंटल गहू धरला, तरी हरभऱ्याचे ढोबळ उत्पन्न ४७ हजारांचे आणि गव्हाचे सुमारे ३९ हजारांचे होते. गहू पावणेचारपट पाणी पितो आणि वर कमी देतो. विक्रीसाठी गहू घेणे या शेतकऱ्याला परवडणारे नाही. घरच्या खाण्यापुरता अर्धा एकर ठेवावा, यापलीकडे त्याचे समर्थन होत नाही. हरभऱ्याला मात्र हात सैल सोडून पाणी दिल्यास कायिक वाढ माजते, घाटे कमी लागतात आणि काळ्या जमिनीत मर वाढते. भेगा रुंद होण्याआधी हलके पाणी देणे हेच योग्य. भेगा पडल्यावर दिलेले पाणी मुळांऐवजी खोल जाते.

यावरून रब्बीची रचना ठरते. दोन एकर हरभरा, अर्धा एकर गहू, चाऱ्यासाठी अर्धा एकर ज्वारी आणि उरलेल्या दोन एकरांत खरिपातील तूर उभी. ज्वारीला पोटरीत असताना डिसेंबरमध्ये एक आणि काळ्या जमिनीतील एक एकर तुरीला नोव्हेंबरमध्ये एक संरक्षित पाणी धरले, तर नोव्हेंबरची गरज ६०० आणि डिसेंबरची ६८० घनमीटर होते. जानेवारी आणि फेब्रुवारीत गव्हाच्या अर्ध्या एकरापुरते प्रत्येकी १२० लागतात. प्रत्येक महिन्यात शिल्लक राहते आणि ती राहायलाच हवी, कारण रोहित्र जळाले की पंपाचे पाच-सहा दिवस सहज बुडतात. जानेवारीत विहिरीत पाणी दिसते म्हणून कांदा लावण्याचा मोह याच शिलकीवर डोळा ठेवून होतो. जानेवारीत लावलेल्या कांद्याला एप्रिलपर्यंत पाणी लागते, हे त्या क्षणी विसरले जाते.

खरीप या मांडणीतून मागे मोजत ठरतो. रब्बीसाठी जे तीन एकर वेळेवर रिकामे हवेत, त्यांत सलग सोयाबीन. काळ्या जमिनीच्या चौथ्या एकरात सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी, ही परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस. हलक्या एकरात मूग आणि तूर. तीन एकरांत सोयाबीनचे एकच वाण घ्यावे का, हा प्रश्न मात्र मजुरीचा आहे. आंतरपिकातील ओळी धरून सोयाबीन सुमारे पावणेचार एकर होते. एकरी आठ मनुष्यदिवस धरले, तर काढणी आणि गंजी लावायला ३० मनुष्यदिवस, म्हणजे घरच्या तिघांना दहा दिवस लागतात. सोयाबीन पक्व झाल्यावर आठवडा-दहा दिवसांत शेंगा तडकू लागतात. त्याच आठवड्यात सगळ्या गावाची काढणी आलेली असते, मजुरांचा गुत्ता वाढतो आणि परतीचा पाऊसही याच सुमारास येतो. मराठवाड्याने सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे रूप पाहिले.

त्यामुळे निम्म्या क्षेत्रावर ८८ दिवसांच्या आसपास येणारे आणि निम्म्यावर ९८ दिवसांचे वाण घेणे हा भावापेक्षा मजुरीने ठरलेला निर्णय आहे. २० जूनला पेरणी झाली, तर पहिले क्षेत्र १६ सप्टेंबरच्या आणि दुसरे २६ सप्टेंबरच्या सुमारास काढणीला येते. घरची माणसे दोन्हीकडे पुरतात, मळणीयंत्र भाड्याने मिळते आणि ज्वारीची पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात साधते. कापूस या रचनेत बसत नाही. त्याची वेचणी ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत माणसे अडकवते आणि जमीनही रब्बीला मोकळी होत नाही.

पाऊस लांबला तर काय, याचेही उत्तर जूनमध्येच ठरलेले असावे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला. तो पाळताना पेरणी १० जुलैवर गेली, तर दोन्ही वाणे अनुक्रमे ६ आणि १६ ऑक्टोबरला येतात. ज्वारीची वेळ हुकते, तिच्या जागी हरभरा वाढवावा लागतो. त्याला डिसेंबरच्या शिलकीत पाणी आहे. मुगाची पेरणीही जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर करू नये. हलक्या एकरात सलग तूर किंवा बाजरी घ्यावी. पिकाची निवड पेरणीच्या तारखेवर टांगलेली असते. बियाणे मे महिन्यातच एकाच पिकाचे आणून ठेवलेल्या शेतकऱ्याला हा बदल करता येत नाही.

या सगळ्या हिशेबात धोरणाचा वाटा दोन ठिकाणी येतो. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये असला, तरी काढणीनंतर बाजारात दर त्याखाली राहिले आणि शासकीय खरेदीला ओलाव्याची मर्यादा आहे. ती साधारण १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात केंद्राने १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती. पावसात भिजलेले आणि वाळवायला जागा नसलेले सोयाबीन हमीभावाच्या बाहेरच राहते. म्हणून हमीभावाने मांडलेला नफा खरेदी केंद्र गाठता येईल का, हे पाहूनच धरावा.

दुसरी बाब विजेची. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. बिल नसल्यामुळे पंप जास्त चालवण्याचा खर्च शेतकऱ्याला जाणवत नाही. तो विहीर जाणवून देते, तीही फेब्रुवारीत. शिवाय एका खातेदाराने महिनावार हिशेब काटेकोर ठेवला आणि शेजाऱ्याने उसाला पाणी सोडले, तर वरील तक्ता कोलमडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हा प्रश्न गावपातळीवर सोडवला. तेथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावर रब्बीची पिके ठरतात; शेतीसाठी विंधनविहिरींना व उसाला मनाई आहे. केंद्राच्या अटल भूजल योजनेने महाराष्ट्रासह सात राज्यांत पाण्याच्या ताळेबंदाची हीच पद्धत स्वीकारली. तथापि ताळेबंद गावाच्या एकूण पाण्याचा केला जातो. महिन्यांत विभागलेला आणि पंपाच्या तासांत उतरवलेला हिशेब खातेदारापर्यंत क्वचितच पोहोचतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, हरभऱ्याचे बियाणे घेण्याआधी, पिंप भरून घेतलेली वेळ आणि मागील वर्षीच्या पंपाच्या तासांची वही यांवर तो घरीच मांडता येतो.