उपाशीपोटीची कावीळ

भालकीहून पुण्यास नोकरीसाठी गेलेल्या एका तरुण अभियंत्याने कंपनीच्या पहिल्या आरोग्यतपासणीचा अहवाल वाचला आणि त्याची झोप उडाली. बिलिरुबिन १.६, मर्यादा १.२! मातोश्रींनी तर काविळीच्या झाडपाल्याची पुडीही बांधून ठेवली.

आम्ही तो अहवाल मागवून पाहिला. एसजीपीटी व हिमोग्लोबिन योग्य होते. वाढ होती ती केवळ 'इनडायरेक्ट' बिलिरुबिनात. रक्त देण्यापूर्वी चिरंजीव सोळा तास उपाशी होते, हेही विचारल्यावर कळले. काहींच्या यकृतातील बिलिरुबिन निकालात काढणारे विकर जन्मतःच मंद असते. फ्रेंच वैद्य गिल्बर्ट यांनी १९०१ साली वर्णिलेली ही ठेवण निरुपद्रवी असते; उपवासाने मात्र आकडा चढतो. डॉक्टरांनी रात्री नीट जेवून, सकाळी न्याहारी करून फेरतपासणी करविली. आकडा १.१ आला.

'डायरेक्ट' भाग वा एसजीपीटी वाढले असते, हिमोग्लोबिन उतरले असते किंवा लघवी गडद झाली असती, तर शोध पुढे न्यावा लागला असता. पुडी मात्र आम्ही भालकीतच थांबविली. काही पाल्यांनी यकृतालाच इजा होते. मग फेरतपासणीत एसजीपीटी चढले असते, तर ते रोगाने की पुडीने, हे कोणी सांगावे?