सासूबाईंची बाथरूम

यंदाच्या सदरात माझं लिखाण थोडं आणि सासूबाईंचं जास्त. जूनमध्ये पुण्यात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा बदलला. आम्ही इकडून मोठ्या हौसेने टाइलला चिकटणारा रबरी चकत्यांचा दांडा आणि कमोडवर ठेवायची चार इंची उंच सीट पाठवली. त्यावर हे पत्र आलं. सासूबाईंना व्हॉट्सॲप येतं, पण कामाचं त्या कागदावरच लिहितात.

‘चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

सामान पोचलं. दोन्ही वस्तू पुन्हा खोक्यात ठेवल्या आहेत. रागावू नकोस.

आपला कमोड पंधरा इंचांचा. तिथून उठताना गुडघा फार दुमडतो आणि कळ येते. पण तुझ्या सीटने उंची एकोणीस होते आणि माझे पाय लोंबकळतात. पाय जमिनीला टेकले नाहीत तर उठायला जोर कुठून आणू? मी स्टुलावर सतरंज्यांच्या घड्या रचून बसून पाहिलं. सतरा इंचांवर तळवे पूर्ण टेकतात आणि उठताही येतं. म्हणजे मला दोन इंची सीट हवी, तीही क्लॅम्पने आवळायची. नुसती ठेवलेली सरकते.

दांडा चिकटवायचा नको, स्क्रूने बसवायचा. चकती दोन टाइलांच्या सांध्यावर आली की हवा शिरते आणि ती सुटते, कधी ते कळतही नाही. टॉवेलचा रॉड धरून उठायची मला सवय होती, तो मागच्या आठवड्यात हातात आला. त्याचे स्क्रू टाइलमागच्या गिलाव्यातच होते. मिस्त्रीला सांग, भोक विटेपर्यंत जायला हवं. एक दांडा कमोडशेजारी आणि एक उभा, दाराच्या चौकटीजवळ. उंबरा काढू नका, पाणी खोलीत येईल. फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलंय, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. उभा दांडा दोन्ही वेळा उपयोगी पडेल.

आता दार. ते आत उघडतं. मी आत पडले तर दाराला माझाच अडसर होईल आणि कुणाला आत येता येणार नाही. बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडायला हवं. कडीही बाहेरून उघडणारी लाव.

सध्या शेजारच्या वहिनी आंघोळीच्या वेळी दाराशी उभ्या राहतात, दार अर्धवट उघडं ठेवून. बिचाऱ्या चांगल्या आहेत. पण मला दार लावून, माझी मी आंघोळ करायची आहे.

सूनबाईंना आशीर्वाद. बादली मी स्टुलावर ठेवते, ती काळजी नको.

आई’

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि आधी मिस्त्रीला फोन लावला, मग आईला.

“आई, रॉड हातात आला म्हणजे? तू पडलीस का?”

“लिहिलंय तेवढं वाच,” त्या म्हणाल्या. “मिस्त्री कधी येतोय?”