हाताला येतं, पण पडद्यावर चुकतं

राजूरच्या स्टँडवर पिकअप लावणाऱ्या एखाद्या अनुभवी चालकाचं उदाहरण घेऊ. त्याने 2004 साली चोविसाव्या वर्षी परवाना काढला. तेव्हाच्या कायद्यानुसार खासगी वाहनाचा परवाना वीस वर्षांचा असे, किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंतचा. तो 2024 मध्ये संपला, आणि भाड्यांच्या धांदलीत नूतनीकरण राहून गेलं. पूर्वी अशी दिरंगाई पाच वर्षांपर्यंत चालून जायची. 2019 च्या दुरुस्तीने ही सवलत एक वर्षावर आणली. वर्ष उलटलं की परीक्षा पुन्हा द्यायची, म्हणजे व्यवहारात शिकाऊ परवान्यापासून सुरुवात. पंधरा प्रश्न, त्यातले किमान नऊ बरोबर हवेत. बारीच्या घाटात धुक्यातही गाडी काढणारा हा माणूस तिथे नापास होऊ शकतो, आणि गावात त्यावर हसूही होतं.

अरुंद पुलाचा नेहमीचा प्रश्न बघा. आपण पुलाजवळ पोहोचलो आहोत आणि समोरून दुसरं वाहन पुलावर येत आहे. वेग वाढवायचा, दिवा लावून निघून जायचं, की ते येईपर्यंत थांबायचं? बरोबर उत्तर थांबण्याचं. पण आपल्याकडे रस्त्यावर दिवा मारणं म्हणजे ‘मी येतोय, तू थांब’. वीस वर्षं तीच भाषा वापरलेल्याचा हात दुसऱ्या पर्यायाकडे जातो. घाटातही तसंच. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, असा नियम आहे. कारण भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना मागे सरकते. प्रत्यक्षात मात्र ज्याची गाडी मोठी, तो आधी जातो.

हे विस्मरण नव्हे. मेंदूत आठवणी एकाच जागी साठत नाहीत. शब्दांत सांगता येणारी माहिती नव्याने साठवायला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. क्लच, गिअर, वळण ही हातापायांची कौशल्यं मात्र मेंदूच्या खोल भागातल्या गाठींत आणि लहान मेंदूत पक्की होतात. कॅनडातल्या ब्रेंडा मिल्नर यांनी अभ्यासलेल्या एका प्रसिद्ध रुग्णाचा हिप्पोकॅम्पस शस्त्रक्रियेत बहुतांशी काढला गेला होता. आरशात बघून चित्र गिरवण्याचा सराव त्याला दिला, तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सुधारला. पण हे आपण आधी कधी केलंय, हे त्याला आठवेना. चालकाचं नेमकं उलट होतं. हाताला सारं येतं, नियम मात्र शब्दांत सापडत नाही.

सवय पक्की होते ती परिणामावरून. चूक केली आणि काही झालं नाही, तर मेंदू तिची नोंद ‘बरोबर’ अशीच करतो. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणं हे त्याचं ठळक उदाहरण. शंभर वेळा काही होत नाही. पण गिअर नसला की इंजिनाचा अटकाव मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लांब उतारावर ब्रेक तापतात आणि पाय दाबूनही पकड कमी होते. कुणी इंजिनच बंद केलं, तर ब्रेकला मदत करणारी निर्वात यंत्रणाही दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. पाय ठेवूनही गाडी धीमी होईना किंवा जळका वास आला, तर सवयीचा हिशेब चुकला असं समजावं. त्यावर साधा उपाय आहे: उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणं.

आरोग्याच्या दृष्टीने सगळ्यांत महाग पडणारा प्रश्न वेगळाच आहे. अपघातात कुणी जखमी झालं तर काय कराल? ‘गाडी घेऊन थेट पोलीस ठाण्यात’ हे उत्तर शहाणपणाचं वाटतं, कारण जमावाची भीती खरी असते. कायद्यानेही ती ओळखली आहे. जमाव खवळला असेल तर चालकाला सूट आहे. एरवी मात्र आधी जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, आणि मग चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. आतल्या रक्तस्रावात मिनिटं मोजली जातात, आणि राजूरपासून मोठं रुग्णालय जवळ नाही.

म्हणून पाठांतराने पंधरापैकी पंधरा मिळवणारा सुरक्षित चालक ठरतो असं मात्र नाही. घाटातली नजर पडद्यावर मोजता येत नाही, आणि पास झालेला माणूसही दुसऱ्या दिवशी पुलावर दिवा मारेलच. जुन्या चालकाने सगळी प्रश्नावली घोकण्यापेक्षा चुकलेले प्रश्न वेगळे काढावेत आणि प्रत्येकापुढे स्वतः रोज काय करतो ते लिहावं. चिन्हांचे प्रश्न चुकले तर ती निव्वळ माहितीची उणीव, एका संध्याकाळी भरून निघते. पूल, उतार आणि जखमी यांचे चुकले, तर पुढच्या फेरीला गाडीतच सराव करावा लागेल.