ते दोनशे रुपये कुणाचे?

पगाराच्या स्लिपवर ‘पी.टी.’ अशी दोन अक्षरं असतात. हा व्यवसाय कर. महाराष्ट्रात ज्या स्त्रीचा महिन्याचा एकूण पगार २५,००० रुपयांपर्यंत आहे तिला तो १ एप्रिल २०२३ पासून माफ आहे. आधी ही मर्यादा १०,००० होती. सवलत सरकारने दिली, पण ती बाईच्या हातात पडते की नाही हे ठरतं पगार काढणाऱ्या कॉम्प्युटरच्या एका रकान्यात. तिथे जुने दर राहिले, किंवा बाईच्या नावापुढे ‘पुरुष’ पडलं, की दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. पुरुषाला १०,००० च्या वर हाच दर लागतो.

माहुलच्या पुनर्वसन इमारतींमध्ये कचेऱ्यांची साफसफाई करणाऱ्या पुष्कळ बाया राहतात. त्यांचा पगार ठेकेदाराकडून होतो आणि स्लिप मोबाईलवर येते. ती उघडून कुणी फारसं पाहत नाही, कारण हातात किती आले एवढंच महत्त्वाचं. त्यांच्यातल्या एका ताईंची स्लिप आम्ही ओळीने वाचली. एकूण पगार १८,४००. प्रॉव्हिडंट फंड १,५६०, म्हणजे मूळ पगार व महागाई भत्ता मिळून जे १३,००० होतात त्याचे १२ टक्के, बरोबर. ई.एस.आय. १३८, म्हणजे १८,४०० चे पाऊण टक्का, तेही बरोबर. पी.टी. २००. हे चूक. हातात आले १६,५०२, यायला हवे होते १६,७०२.

मग पाळीतल्या इतर बायांना विचारलं. त्यांची कपात होत नव्हती. सगळ्यांचीच होत असती तर दर जुने राहिले असं म्हटलं असतं. इथे चूक फक्त ताईंच्या नोंदीत होती. म्हणून ई-मेल असा लिहिला:

‘विषय: जून २०२४ ते मार्च २०२५ व्यवसाय कराची चुकीची कपात. माझा एकूण मासिक पगार १८,४०० रुपये आहे. १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्री कर्मचाऱ्यांना व्यवसाय कर लागू नाही. तरी माझ्या पगारातून नऊ महिने २०० रुपयांप्रमाणे १,८०० आणि फेब्रुवारीत ३००, असे २,१०० रुपये कापले आहेत. दहा स्लिपा जोडल्या आहेत. कृपया (१) माझ्या नोंदीत स्त्री/पुरुष काय लिहिले आहे ते तपासून दुरुस्त करावे, (२) एप्रिलपासून कपात बंद करावी, (३) २,१०० रुपये एप्रिलच्या पगारात वेगळ्या ओळीत दाखवून परत द्यावेत. लेखी उत्तर द्यावे.’

यात कुणावर आरोप नाही. हे मुद्दाम. ठेक्यावरची बाई उद्या कामावरून कमी होऊ शकते, आणि तिची लढाई आपण आपल्या रागाने लढू नये. पण गयावयाही नाही. ‘जमल्यास बघावे’ असं लिहिलं की मागणी उपकार होते. आकडा, महिने आणि नेमकी दुरुस्ती लिहिली की उत्तरही आकड्यातच द्यावं लागतं.

पहिलं उत्तर ठरलेलंच आलं: ‘पैसे सरकारात भरले, आता परत कसे देणार?’ माझं मत स्पष्ट आहे. कर नसताना कापला तो कचेरीने. सरकारात भरला असेल तर तो परत मिळवणं किंवा पुढच्या भरण्यात वळता करून घेणं हे कचेरीचं काम; त्यासाठी ताईंनी का थांबायचं? आणि खरंच भरला का, हेही विचारावं. मालकाच्या विवरणपत्रात पगाराच्या टप्प्याप्रमाणे किती कामगारांचा कर भरला ते दाखवावं लागतं. तिथे ही बाई करमुक्त आणि स्लिपवर मात्र कपात, असं निघालं तर मामला नुसत्या चुकीचा राहत नाही.

दोन गोष्टी आधी तपासा, नाहीतर तोंडघशी पडाल. मर्यादा एकूण पगाराची आहे, हातात येणाऱ्या रकमेची नाही. एकूण २५,५०० आणि हातात २२,००० असतील तर कर लागतोच. दुसरं, दिवाळीच्या महिन्यात बोनस धरून रक्कम २५,००० च्या वर गेली म्हणून पी.टी. कापला असेल तर तोही परत मागा. या कायद्यातल्या पगाराच्या व्याख्येत बोनस धरलेला नाही.

ताईंना दुसरा मेल पाठवावा लागला. एप्रिलच्या स्लिपवर २,१०० जमा दिसले, पी.टी.ची ओळ शून्य झाली. नोंदीत काय लिहिलं होतं, त्याचं लेखी उत्तर मात्र अजून आलेलं नाही.