‘एसओएस’ म्हणजे नक्की केव्हा?

औषधचिठ्ठीची चर्चा आपल्याकडे डॉक्टरांच्या अक्षरापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला. नियम योग्यच आहे. पण ‘बीडी’, ‘पीसी’, ‘एसओएस’ ही लॅटिन आद्याक्षरे कितीही सुवाच्य असली तरी रुग्णाला काही सांगत नाहीत. आणि त्यांचे शब्दशः भाषांतर तर पुष्कळदा भलतेच सांगते.

‘बीडी’चे भाषांतर ‘दिवसातून दोन वेळा’ असे केले जाते. मराठीत ‘दिवस’ म्हणजे चोवीस तास, आणि रात्र नव्हे तो काळही. त्यामुळे सकाळी ८ आणि दुपारी २ वाजता गोळी घेणारा रुग्ण सूचना तंतोतंत पाळत असतो. मात्र त्यानंतर अठरा तास तो औषधाविना राहतो. ज्या औषधाचे रक्तातील प्रमाण दर सहा तासांनी निम्मे होते, ते बारा तासांनी एक चतुर्थांश उरते, अठरा तासांनी केवळ एक अष्टमांश. ‘सकाळी ८ वाजता एक, रात्री ८ वाजता एक’ असे लिहिले की संदिग्धता उरत नाही.

‘जेवणानंतर’ हा शब्द निरुपद्रवी भासतो. पण उपवासाच्या दिवशी काय करायचे? प्रतिजैविक असेल तर डोस सहसा चुकवायचा नसतो. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी मात्र अन्नाविना घेतल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून ‘जेवण झाले नाही तर’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक औषधापुढे स्वतंत्रपणे लिहिले गेले पाहिजे.

सर्वाधिक धोका ‘एसओएस’मध्ये आहे. त्याचे ‘गरज पडल्यास’ हे भाषांतर भाषेच्या दृष्टीने अचूक, पण सूचना म्हणून अपुरे आहे. पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅमची गोळी तापात सहा वेळा घेतली की ३.९ ग्रॅम होतात. सर्दीच्या मिश्र गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असेल आणि तशा दोन गोळ्या सोबत घेतल्या, तर बेरीज ४.९ ग्रॅमवर जाते. निरोगी प्रौढासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. तिच्यापलीकडे यकृताला इजा होण्याचा धोका वाढत जातो. रुग्णाने येथे कोणतीही सूचना मोडलेली नसते, कारण मर्यादा लिहिलेलीच नसते. कोणत्या लक्षणासाठी, किती तासांच्या अंतराने, चोवीस तासांत जास्तीत जास्त किती, आणि त्याच घटकाची दुसरी कोणती गोळी टाळायची, या चार गोष्टींवाचून ‘गरज पडल्यास’ हे वाक्य अपूर्ण आहे.

वेळ नाही, ही सबब येथे पुरेशी नाही. अशी वाक्ये एकदा छापून ठेवता येतात. मात्र ही चार उत्तरे अनुवादक किंवा औषधविक्रेता अंदाजाने भरू शकत नाही. ती चिठ्ठी लिहिणाऱ्यानेच दिली पाहिजेत. मुळात जे लिहिलेच नाही, त्याचे भाषांतर कोणत्याही भाषेत होत नाही.