‘कॅन्सल करो, आपा’

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून एक प्रशिक्षण आटोपून परतत होते. गाडी लेट झाली आणि कल्याणला उतरले तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजून गेले होते. भिवंडीला जायला इतक्या उशिरा शेअर रिक्षात बसायचं माझं धाडस होत नाही. पश्चिमेच्या बाजूला येऊन फोनवरून कॅब बोलावली. भाडं तीनशेच्या आसपास दाखवलं. मुलगी घरी जागी होती. तिला ॲपमधून राईडची लिंक पाठवली. गाडी आली, नंबर जुळवला, चार आकडी ओटीपी सांगितला आणि मागच्या सीटवर बसले. म्हणजे शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. मी स्वतः शिक्षिका आहे, शिकवलेलं करण्याची खोड आहे.

दुर्गाडीच्या पुलाच्या अलीकडे ड्रायव्हरने आरशातून बघत सलाम केला. माझ्या डोक्यावरच्या ओढणीवरून त्याने ओळखलं असावं. मग म्हणाला, “आपा, एक गुजारिश है. राईड कॅन्सल कर दो, पैसे कॅश में दे देना. कमिशन में कुछ बचता ही नहीं.” वयाने माझ्या विद्यार्थ्याएवढा पोरगा. बोलणं अदबीचं. मला दया आली, आणि खरं सांगते, त्या सलामाने विश्वासही वाटला. मी राईड रद्द केली.

त्याने मला वीस-पंचवीस मिनिटांत दारात सोडलं. पैसे घेतले, खुदा हाफिज म्हणाला आणि गेला. नेक पोरगा होता. दारात मात्र माझी मुलगी रडत उभी होती, आणि माझा भाऊ मोटारसायकल घेऊन राजणोली नाक्याकडे निघून गेला होता.

घरी काय घडलं होतं ते ऐका. मुलीच्या फोनवर गाडीचा ठिपका दुर्गाडीपर्यंत आला आणि तिथेच नकाशा बंद झाला. राईड संपली, असं लिहून आलं. पुढे खाडी, मग कोनगाव, मग रात्री ट्रकांनी भरलेला हायवे. तिने मला फोन लावला. माझा फोन प्रशिक्षणाच्या वर्गापासून सायलेंटवर, आणि पर्सच्या तळाशी. तिने कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. तिकडून दोन गोष्टी कळल्या. एक, ज्या नंबरवर खातं आहे त्याच नंबरवरून बोलावं लागेल. दोन, प्रवाशाने स्वतःच राईड रद्द केलेली आहे, त्यामुळे सध्या कोणतीही राईड चालू नाही. कंपनीच्या दृष्टीने मी त्या गाडीत नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, “हुआ तो कुछ नहीं ना? मग विषय सोड.” आणि जाता जाता जोडलं, “म्हणूनच म्हणतो, बायकांनी रात्रीचं फिरूच नये.” याच दोन वाक्यांशी माझं भांडण आहे. पहिल्या वाक्यात कंपन्या लपतात आणि दुसऱ्यात आपण.

आधी कंपन्यांचं बघू. ॲपमधल्या सुरक्षेच्या सोयी एकेक करून तपासा. लिंक पाठवली की घरच्यांना गाडी दिसते. गाडी वाट सोडून गेली किंवा विनाकारण फार वेळ थांबली, तर काही ॲप आपणहून विचारतात की सगळं ठीक आहे ना. काहींमध्ये गाडीतलं बोलणं रेकॉर्ड करता येतं. बऱ्याच बायकांना वाटतं की ते कुणीतरी बसून ऐकत असतं. तसं नसतं. ती कुलूपबंद फाइल फोनमध्ये पडून राहते आणि तुम्ही नंतर तक्रारीसोबत पाठवलीत तरच कंपनी ती उघडते. ड्रायव्हरला तुमचा खरा नंबर न दिसता फोन जोडून देण्याची सोयही असते. या सगळ्या सोयी एकाच खुंटीला टांगलेल्या आहेत, ती म्हणजे ‘चालू असलेली राईड’. एका बोटाने ती खुंटी काढली की सगळं एकदम खाली येतं. आणि ते बोट ड्रायव्हरच्या सांगण्यावरून प्रवासी बाईच लावते, म्हणून नोंदीत दोष तिचाच दिसतो.

तुम्ही म्हणाल, गाडीत लाल पॅनिक बटण असतं की. असतं. 2012 च्या दिल्लीच्या घटनेनंतर कायद्यात बदल झाले आणि 1 जानेवारी 2019 पासून नव्याने नोंद होणाऱ्या टॅक्सी-बससारख्या प्रवासी वाहनांना ठिकाण कळवणारं यंत्र आणि ते बटण सक्तीचं झालं. रिक्षाला ते लागू नाही, हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे रात्रीच्या निम्म्या राईड रिक्षाच्याच असतात. मागे एका टॅक्सीवाल्याला मी विचारलं, हे दाबलं तर कोण येतं? तो हसला. “मॅडम, ते पासिंगसाठी आहे.” त्याचं खरं की खोटं, देव जाणे. पण जो माणूस दिवसाचे बारा तास त्या बटणाच्या पुढे बसतो त्याला ते कुठे वाजतं हे ठाऊक नव्हतं.

आता ड्रायव्हरच्या पडताळणीबद्दल. 5 डिसेंबर 2014 च्या रात्री दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला. ती गुरुग्रामहून घरी निघाली होती आणि गाडीत तिला झोप लागली होती. त्या ड्रायव्हरवर आधीचे गुन्हे होते, आणि त्याच्याकडचा पोलिसांचा चारित्र्याचा दाखला बनावट निघाला. पुढच्या वर्षी त्याला जन्मठेप झाली. ॲपमध्ये आपत्कालीन बटण वगैरे गोष्टी भारतात आल्या त्या यानंतर. ओटीपीही आपल्याला वाटतो तेवढं सांगत नाही. बुक केलेल्या राईडच्याच गाडीत तुम्ही बसलात, एवढंच त्यातून ठरतं. स्टीअरिंगवरचा चेहरा खात्यावरच्या फोटोचाच आहे का, हे तुम्हालाच बघायचं आहे, आणि तेही अंधारात, मागच्या सीटवर बसण्याआधी.

इथे एक कडू गोष्ट सांगते. बरेच लोक फोटो बघत नाहीत, नंबर बघत नाहीत, नाव बघतात. नाव आमच्यासारखं असलं की राईड रद्द करतात. 2018 मध्ये लखनौच्या एका गृहस्थाने ड्रायव्हर मुसलमान म्हणून कॅब रद्द केल्याचं स्वतःच अभिमानाने जाहीर केलं होतं. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी पोरं कॅब चालवतात, त्यांनी हा अपमान रोज गिळलेला आहे. मला त्याचा संताप येतो. पण त्या रात्री मी तरी काय वेगळं केलं? मीही नावच बघितलं. फरक इतकाच की मी नावावरून भरवसा ठेवला. सलाम ऐकून सुरक्षित वाटणं आणि नाव वाचून भीती वाटणं ही एकाच अडाणीपणाची दोन टोकं आहेत. माणूस कसा आहे हे दोन्हीतून कळत नाही.

ड्रायव्हरची बाजू मला कळते. कमिशन कापलं जातं, पेट्रोल-गॅसचा खर्च त्याचा, हप्ता त्याचा. पण त्याचा झगडा कंपनीशी आहे आणि त्याची किंमत मागच्या सीटवरच्या बाईच्या सुरक्षेतून वसूल होते आहे. म्हणून आता कुणी तशी विनंती केली तर मी म्हणते, “कॅश लगेच देते भाऊ, पण राईड चालू राहू दे.” अनेक ॲपमध्ये राईड सुरू झाल्यावरही पैसे देण्याची पद्धत बदलून रोख करता येते. कमिशन नंतर त्याच्या खात्यातून जाईल, हे खरं, पण निदान रोकड आजच्या आज हातात पडते. बहुतेक जण एवढ्यावर मानतात. जो मानत नाही, त्याच्या गाडीतून उजेडाच्या, वर्दळीच्या जागी उतरायचं. दुर्गाडीच्या पुलावर नाही. त्याआधी, स्टेशनच्या रस्त्यावर.

कंपनीला मी लिहिलं होतं. उत्तर आलं की प्रवाशाने राईड रद्द केल्याची नोंद आहे, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. माझी मागणी अगदी छोटी होती. ओटीपी घातला गेला आहे, गाडी हलली आहे, म्हणजे बाई गाडीत आहे. अशा वेळी ‘रद्द’ हा शब्दच तिच्यासमोर येता कामा नये. तिने राईड मध्येच संपवली तर तिच्याच फोनचं ठिकाण बघून ॲपने पाच मिनिटांनी विचारावं: तुम्ही अजून हायवेवर चाळीसच्या वेगाने जाताय, ठीक आहात ना? आणि घरच्यांची लिंक तिने ‘पोहोचले’ म्हणेपर्यंत चालू ठेवावी. कुणी म्हणेल, ही पाळत झाली. मग तिला विचारून करा. नको असेल तिने बंद करावं. वाट सोडली तर विचारण्याची सोय ज्यांनी बांधली त्यांना हे जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये.

राहिला माझा भाऊ. त्याला मी विचारलं, माझी मुलगी उद्या नर्स झाली तर ठाण्याच्या हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून घरी यायची नाही का? रात्री दोन वाजता तुझ्या बायकोला कळा सुरू झाल्या तर नर्स काय दिवसा येणार? राज्याच्या दुकाने आणि आस्थापनांच्या 2017 च्या कायद्याने बायकांना रात्रपाळीची मुभा देताना घरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. म्हणजे रात्री घरी परतणारी बाई कायद्याने मान्य केली आहे, भावाने अजून नाही.

तो गप्प बसला, पण एक काम त्याने केलं. आता मी किंवा मुलगी उशिरा निघालो की ॲपच्या लिंकसोबत व्हॉट्सॲपवरचं लाइव्ह लोकेशनही त्याला पाठवतो. ते पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास असं लावता येतं. आम्ही एक तास लावतो. राईड रद्द झाली तरी ते बंद पडत नाही, हा त्याचा मोठा गुण. ठिपका थांबला तर तो आधी शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघतो. वेळ ताजी आणि ठिपका स्थिर, तर गाडी थांबली आहे. वेळच जुनी, तर नेटवर्क गेलंय किंवा फोन बंद पडलाय. दोन्ही वेळा आधी आम्हाला फोन, उचलला नाही तर गाडीचा नंबर हातात घेऊन 112.

आणि माझा फोन आता पर्सच्या तळाशी नसतो. मुलीने गळ्यात अडकवायची दोरी आणून दिली आहे. वर्गातली पोरं हसतात, म्हणतात बाई, तुम्ही कंडक्टर वाटता.