काळ्या मातीला हात लावण्याआधी

राजुरा-कोरपना पट्ट्यातल्या चुनखडीच्या खाणपट्टाधारकांना, त्यांच्या खाण व्यवस्थापकांना आणि माती उचलण्याचा ठेका घेणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला हा जाहीर इशारा आहे. येत्या उन्हाळ्यात जिथे कापसाच्या शेतावर पोकलेन उतरणार आहे, तिथे आधी मातीचा नकाशा ग्रामपंचायतीत ठेवा. 28 फेब्रुवारी ही शेवटची तारीख. नकाशा आला नाही, तर त्या शेतातली एक बादली मातीही आम्ही उचलू देणार नाही.

खाणीच्या आराखड्यात माती बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेली असते: ‘वरची माती वेगळी साठवून पुनर्वापर करण्यात येईल.’ ती कुठे साठवणार, किती उंच, किती दिवस आणि परत कुठे टाकणार, याचा पत्ता नसतो. म्हणून हिशेब आम्हीच मांडतो.

चार हेक्टरांचा, म्हणजे दहा एकरांचा एक तुकडा घ्या. वरचा 30 सेंटिमीटरचा थर म्हणजे वखर आणि नांगर फिरलेली, मुळ्या आणि कुजलेल्या पालापाचोळ्याची जिवंत माती. तिच्याखाली 60 सेंटिमीटर घट्ट काळी चिकणमाती, मग चुनखडीचे खडे मिसळलेला पांढुरका थर आणि त्याखाली दगड. वरची माती भरते 12 हजार घनमीटर. खणली की ती फुगते, साधारण पाव पटीने, म्हणजे ढिगात 15 हजार घनमीटर होते. ढीग दोन मीटरपेक्षा उंच नसावा आणि त्याच्या बाजू उतरत्या असाव्यात, तेव्हा त्याला दोन एकरांहून थोडी जास्त जागा लागते. खालच्या मातीचे फुगून 30 हजार घनमीटर होतात. तीन मीटर उंचीने रचली तरी तिला तीन एकर हवेत. दहा एकरांची माती नीट ठेवायला पाच एकर मोकळी, उंचवट्याची, नाल्यापासून दूरची जागा लागते. ही जागा आधी राखून ठेवली नसेल, तर ठेकेदार करायचे तेच करणार: दोन्ही थर आणि मुरूम एकत्र उचलून एकाच डोंगरावर ओतणार. त्या डोंगरातून माती पुन्हा वेगळी काढता येत नाही. हे नुकसान पहिल्याच दिवशी होते आणि कितीही पैसे दिले तरी ते भरून निघत नाही.

थर का मिसळू नयेत, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आपल्याकडे खालचा थर अनेक ठिकाणी चोपण असतो. तो वर आला की पहिल्या पावसात चिखलाचा लगदा होतो आणि वाळला की दगड. बी उगवते, पण कोंब पापुद्रा फोडू शकत नाही. वरून जमीन सपाट आणि काळी दिसते, पाहणीच्या फोटोत उत्तम दिसते; पीक मात्र येत नाही.

आता वेळेबद्दल. ओली काळी माती यंत्राखाली दाबली गेली की तिच्यातली पोकळी मिटते आणि मुळांना, पाण्याला, हवेला वाट उरत नाही. म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या ओलीत माती काढायची नाही, परत टाकायचीही नाही. कॅलेंडरवर विसंबू नका, हाताने पाहा. ज्या खोलीपर्यंत खणणार त्या खोलीची मूठभर माती घ्या, तळहातांत वळून तीन मिलिमीटरची वळी करा. वळी न तुटता झाली, तर त्या दिवशी यंत्र बंद. वळताना भुगा झाला, तरच काम. ही परीक्षा रोज सकाळी, खणायच्या जागेवर, गावच्या दोन माणसांसमोर झाली पाहिजे.

ढीग उंच का नको, तेही ऐका. उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. तिथले सूक्ष्मजीव, गांडुळे, मुळांना अन्न पोहोचवणाऱ्या बुरशीचे धागे आणि गवताचे बी मरत जाते. ढिगात मीटरभर खणून पाहा. माती निळसर-राखाडी दिसली आणि सडका वास आला, तर तो ढीग आतून मेलेला आहे. म्हणून ढिगावर टिप्पर चढवायचा नाही, पावसाआधी ताग, धैंचा आणि पवना गवत पेरायचे, आणि प्रत्येक ढिगावर पाटी लावायची: कोणत्या शेताची, कोणता थर, कधी काढला. सगळ्यात चांगले म्हणजे ढीग लावायचाच नाही. एका तुकड्याची माती काढताना दुसरा भरून तयार असेल, तर ती थेट तिथे नेऊन पसरायची. खाणीची आखणी तशी करता येते. ती होत नाही, कारण आखणी करताना फक्त दगड मोजला जातो.

परत टाकण्यात निम्मी चूक डोझरमुळे होते. आधी भरावाला हलका उतार द्या, वरचा दबलेला भाग रिपरने अर्धा मीटर खोल फाडा. मग खालची माती, तीही फाडून, आणि शेवटी वरची माती. टिप्परने ढिगाऱ्यांच्या ओळी लावायच्या आणि पोकलेनने मागे सरकत त्या पसरायच्या. पसरलेल्या मातीवर एकही चाक पुन्हा जाता कामा नये. आम्ही पाहणीला लोखंडी सळई घेऊन येऊ. ती हातभर सहज गेली नाही, किंवा पावसानंतर जमीन चिबडली, तर ते काम आम्ही झाले असे धरणार नाही.

आम्हाला अशक्य ते नको आहे. चुनखडी निघून गेल्यावर सगळा खड्डा भरेल इतका भराव उरत नाही, हे आम्ही जाणतो. काही भाग पाण्याचाच राहणार. पण मग त्या भागाची माती भरलेल्या तुकड्यांवर जाड थराने पडली पाहिजे, मुरमाच्या ढिगांवर पडली पाहिजे. वीटभट्टीवर, रस्त्याच्या भरावात, कुणाच्या बंगल्याच्या बागेत ती जाता कामा नये. मातीचा पहिला टिप्पर खाणीच्या फाटकाबाहेर दिसला की तो अडवला जाईल आणि पंचनामा होईल.

हा आमचा हट्ट नाही. 2017 च्या खनिज संवर्धन व विकास नियमांत वरची माती वेगळी काढावी, खाणीला नको असलेल्या जमिनीच्या पुनर्स्थापनेसाठी वापरावी आणि लगेच वापरता येत नसेल तर वेगळी साठवावी, असे बंधन आहे. 8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवेल अशी तिची स्थिती करण्याची अट पट्ट्यांत घालायला सांगितले आहे. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. यंदाचा 1 जूनचा अहवाल आम्ही ढिगांच्या पाट्यांशी ताडून पाहू. अहवालात 12 हजार घनमीटर आणि जागेवर सहा हजार निघाले, तर फरक कुठे गेला ते तुम्हाला भारतीय खाण ब्यूरोसमोर, प्रदूषण नियंत्रण मंडळासमोर आणि गरज पडली तर राष्ट्रीय हरित लवादासमोर सांगावे लागेल.

28 फेब्रुवारीला ग्रामपंचायतीच्या टेबलावर तीन गोष्टी हव्यात: थरांची जाडी मोजलेल्या खड्ड्यांच्या नोंदी, ढिगांच्या जागा दाखवणारा नकाशा, आणि कोणती माती कोणत्या वर्षी कोणत्या तुकड्यावर परत जाणार याचे वेळापत्रक. 1 मार्चला सकाळी आम्ही तो नकाशा घेऊन शेतावर उभे असू. नकाशावरच्या ढिगांच्या जागी खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, तर यंत्र आत येईल. नसतील, तर ते धुऱ्यावरूनच परत फिरेल.